सर्टिफिकेट झकास, माप बरोबर, तरी टूलरूम हुकलं: परीक्षकानं जॉब उलटा का घातला?

कानसकुमार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिलाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

फिटर ट्रेडची दोन वर्षं नुकतीच संपली. वर्गात दुसरा होतो, प्रॅक्टिकलला पहिला. एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार घ्यायचे होते, काही टूलरूमला आणि काही मेंटेनन्सला. मी पसंतीत टूलरूम वर लिहिलं होतं.

परीक्षेला माइल्ड स्टीलचे दोन चौकोनी तुकडे दिले, १० मिमी जाड. ड्रॉइंगप्रमाणे एकाला मधोमध २५ मिमी रुंद जीभ काढायची, दुसऱ्याला तेवढीच खाच, आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे. बाहेरची रुंदी ५० मिमी. सहा तास. ड्रिल मशीन सोडलं तर सगळं हातानं.

माझं साडेपाच तासांत झालं. परीक्षकांनी जीभ खाचेत सरकवली, मऊ गेली. फीलर गेजची ०.०५ ची पट्टी कुठेच शिरली नाही. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. मग त्यांनी जीभवाला तुकडा बाहेर काढला, उलटा केला, परत घातला, आणि कडेवरून नखानं एकदा वर आणि एकदा खाली रेघ ओढली. डायल लावला. काहीतरी लिहिलं. "ठीक आहे, पुढचा."

यादीत माझं नाव मेंटेनन्सला. माझा मित्र, ज्याचे मार्क माझ्यापेक्षा बरेच कमी आणि ज्याच्या जॉबवर कानशीचे ओरखडे मला लांबून दिसत होते, तो टूलरूमला!

आता प्रश्न. तो जॉब उलटा घालून काय बघितलं? आणि असं असेल तर आमच्या सर्टिफिकेटांचा उपयोग काय? ट्रेडच्या सर्टिफिकेटशिवाय माझ्याकडे न्यूमॅटिक्सचं चाळीस तासांचं आणि कॅडचं, अशी आणखी दोन आहेत.

दुपारची_शिफ्ट

वशिला. दुसरं काय. धागा बंद करा.

लोखंडी_चणे

सर्टिफिकेट म्हणजे कागद हो. खरं असतं ते हातात. आमच्या शॉपमध्ये एक मेट होते, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण अंगठा फिरवून सांगायचे किती माल काढायचाय. तू उगाच कागदं गोळा करत बसलास.

जुना_टूलरूमवाला

कानसकुमार, दोन गोष्टी सांग.

१. ड्रॉइंगवर जिभेच्या मापाजवळ एका चौकटीत तीन आडव्या रेघा होत्या का? मधली लांब, वरची-खालची आखूड. शेजारी एक आकडा आणि एक अक्षर.

२. तुझ्या तुकड्याची बाहेरची रुंदी नक्की किती निघाली होती? ड्रॉइंगवर किती होती ते विचारत नाहीये. तुझी किती होती?

ही दोन उत्तरं मिळेपर्यंत वशिल्यावर बोलण्यात अर्थ नाही.

वर्कशॉपचा_राजा

मी सांगतो. उलटं घातल्यावर बोंब झाली म्हणजे कोपऱ्यात माल राहिला होता. खाचेच्या आतल्या दोन कोपऱ्यांत छोटी भोकं मारतात, ती मारली नाहीत की कानस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि तिथे गोलाई राहते. जिभेचा टोकदार कोपरा त्या गोलाईवर अडतो. नवशिक्यांची ही हमखास चूक.

गाडी_सुटली

माझ्या भाच्याला डिप्लोमा करावा का ट्रेड, ते कुणी सांगेल का? मार्क बरे आहेत. आणि शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किती देतात?

कानसकुमार

@राजा, भोकं मारली होती. ३ मिमीची, ड्रॉइंगमध्येच होती.

@जुना_टूलरूमवाला काका, हो! चौकटीत तीन रेघा, ०.०६ आणि पुढे A. मला वाटलं ते फिनिशचं काहीतरी असेल. वेळ कमी म्हणून त्यात डोकं घातलं नाही.

बाहेरची रुंदी ५० अधिक-उणे ०.१० चालणार होती. माझी ४९.९२ आली. नक्की आठवतंय, कारण आपली मापं आपणच कागदावर लिहून द्यायची होती. जीभ २५.०० आली, मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी घेतली होती.

जुना_टूलरूमवाला

म्हणजे तुझं उत्तर तूच लिहून दिलं होतंस.

आता सावकाश वाच. जीभ काढताना पहिला खांदा कापलास, तेव्हा माप कुठून घेतलंस?

कानसकुमार

सरांनी शिकवलं तसंच. आधी एकाच बाजूचा खांदा कापायचा, दुसरी बाजू अख्खी ठेवायची. समोरच्या बाहेरच्या कडेपासून जिभेच्या कापलेल्या बाजूपर्यंत माप घ्यायचं. २५ ची जीभ आणि पलीकडचा साडेबारा, मिळून ३७.५०. २५ ते ५० चा मायक्रोमीटर लावून बरोब्बर ३७.५० ला आणली. खरं सांगायचं तर त्याचा जरा अभिमानच वाटत होता.

मग दुसरा खांदा कापला आणि जीभ थेट मोजून २५.०० केली.

जुना_टूलरूमवाला

क्रम अगदी बरोबर आहे, तुझ्या सरांना माझा नमस्कार. पण ३७.५० हा आकडा फक्त ५०.०० रुंदीच्या तुकड्याचा आहे आणि तुझा तुकडा ४९.९२ चा होता.

तुझ्या तुकड्याचा मध्य येतो ४९.९२ च्या निम्म्यावर, म्हणजे २४.९६ वर. जीभ मधोमध हवी तर तिची एक बाजू मध्यापासून साडेबारा पुढे, म्हणजे ३७.४६ वर यायला हवी होती. तू ३७.५० ला थांबलास. मग २५ ची जीभ केल्यावर एका बाजूचा खांदा राहिला १२.५० चा आणि दुसऱ्या बाजूचा १२.४२ चा. जिभेचा मध्य तुकड्याच्या मध्यापासून ०.०४ सरकला.

खाच तू त्या जिभेला बघूनच घासली असणार, बाहेरच्या कडा एका पातळीत धरून. सगळे तसंच करतात. त्यामुळे खाचही तेवढीच सरकली आणि एका बाजूनं जोडी झकास बसली. उलटी घातल्यावर एक सरक या बाजूला, दुसरी त्या बाजूला. ०.०४ आणि ०.०४ मिळून बाहेरच्या कडेला ०.०८ ची पायरी. तेवढी पायरी नखाला लागते. डायल फक्त आकडा लिहायला लावला असेल.

त्या तीन रेघा म्हणजे सिमेट्री. ०.०६ लिहिलं होतं याचा अर्थ मध्य दोन्हीकडे मिळून ०.०६ च्या पट्ट्यात हवा, म्हणजे एका बाजूला जास्तीत जास्त ०.०३. तू ०.०४ वर होतास. ०.०१ नं गेलास, पण गेलास.

तुझं एकही माप चुकलं नव्हतं आणि जॉब चुकला, म्हणून तर ही परीक्षा अशी काढतात. फाइलिंग येतं का हे पहिल्या अर्ध्या तासात नुसतं उभं राहण्यावरून कळतं. ड्रॉइंग वाचून आपलं माप आपण काढतो का, ते उलटं घातल्याशिवाय कळत नाही.

दुपारची_शिफ्ट

बरं, वशिला मागे घेतो.

पाना_हरवला

०.०८ म्हणजे माणसाच्या केसाएवढं. केसानं गळा कापला म्हणतात तो हाच.

वर्कशॉपचा_राजा

काकांचं गणित बरोबर आहे, पण उलटं घातल्यावर फक्त सिमेट्री दिसते असं नाही. खाचेच्या बाजू काटकोनात नसतील, वरून रुंद आणि तळाशी अरुंद असतील, तरी उलट्या बाजूनं फट दिसते. त्यामुळे माझा मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता.

जुना_टूलरूमवाला

मान्य. पण मग फीलर शिरला असता. त्याची तक्रार फटीची नाही, कडेवर नख फिरवल्याची आहे. फट आणि पायरी ही दोन वेगळी दुखणी आहेत.

थंड_पाणी

एक शंका. सहा तास घासल्यावर जॉब तापतो, तापला की वाढतो. गरम असताना मोजलं आणि गार झाल्यावर आकसलं असं झालं असेल का? आमचे सर मोजायच्या आधी जॉब पाच मिनिटं सरफेस प्लेटवर ठेवायला लावायचे.

जुना_टूलरूमवाला

सवय चांगली आहे, सोडू नका. पण हिशोब करा. २५ मिमी स्टील १० अंशांनी तापलं तर साधारण ०.००३ मिमी वाढतं. इथे भांडण ०.०८ चं आहे. ग्राइंडिंगला मायक्रॉनमध्ये खेळताना ते पाच मिनिटं कामाला येतात, हातानं कानस मारताना त्यांचा उपयोग दम खायला.

ठिणगी

मी वेल्डर. कानसकुमारच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते, कारण माझं सगळं आयुष्य सर्टिफिकेटवरच चाललंय.

"कागदाला किंमत नाही" हे आमच्यात कुणी म्हणत नाही. पण कागदावर काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचलं जातं. कोर्स संपल्यावर माझ्याकडे आयएसओ ९६०६-१ ची टेस्ट पास केल्याचं सर्टिफिकेट होतं. प्लेटवर, उभ्या सांध्याला खालून वर. ट्रेनी म्हणून पायपिंगच्या कामाला गेले. तिथल्या सुपरवायझरनं कागद हातात घेतला, अर्धा मिनिट वाचला आणि म्हणाला, "हे प्लेटचं आहे. आमचा पाइप दोन इंची आहे." मी म्हटलं, वेल्डर पास आहे ना मी! तो म्हणाला, "पास आहेस, पण यात लिहिलंय तेवढ्यालाच."

त्याचंच खरं होतं. त्या कागदावर प्रोसेस असते, पोझिशन असते, जाडी असते, प्लेट का पाइप ते असतं, आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. मोठ्या व्यासाचा पाइप प्लेटच्या टेस्टमध्ये चालतो, बारीक पाइप चालत नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी कुणीतरी जबाबदार माणसानं सही करावी लागते की ही बाई अजून हेच काम करतेय. माझ्या कागदावर ती सही नव्हती, कारण मधले आठ महिने मी घरी बसले होते.

त्यांनी मला हाकललं नाही. चार महिने सपोर्ट आणि ब्रॅकेट मारायला ठेवलं, रिकाम्या वेळात तुकड्यांवर पाइप मारू दिला, मग ४५ अंशात पाइप बांधून टेस्ट घेतली. पहिल्यांदा सांध्याच्या मुळाशी फ्यूजन नाही म्हणून उडाले. दुसऱ्यांदा पास.

लोखंडी_चणे

तेच तर म्हणतोय. शेवटी टेस्ट हातानंच द्यावी लागली.

ठिणगी

आणि ती टेस्ट पास झाल्यावर हातात काय दिलं? कागद!

पाना_हरवला

@लोखंडी_चणे तुमच्या मेटचा अंगठा झेरॉक्स करून पाठवता येईल का?

कपाटाची_किल्ली

मी भरतीच्या बाजूला बसते. इंजिनीअर नाही. अर्जांचे गठ्ठे आधी माझ्याकडे येतात आणि मग वर्कशॉपमधल्या साहेबांकडे. मी काय बघते ते सांगते, बाकी ठिकाणी वेगळं असू शकेल.

एकूण टक्के मी जवळजवळ बघतच नाही. मार्कशीटवर प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे दिलेले असतात, ते बघते. मग सर्टिफिकेट खरं आहे का, नंबर जुळतो का. त्यानंतर जे जादा कोर्स असतात त्यांचे मी दोन ढीग करते. एक नुसत्या हजेरीचे: "अमुक यांनी सहभाग घेतला." दुसरे परीक्षेचे, ज्यांवर काय तपासलं आणि कुणी तपासलं ते लिहिलेलं असतं. पहिला ढीग मी साहेबांना दाखवतही नाही. मुलं दहा-दहा सहभागाची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात, वाईट वाटतं.

दुसऱ्या ढिगातलं प्रत्येक सर्टिफिकेट मात्र मुलाखतीत विचारलं जातं. साहेबांचा नियमच आहे: लिहिलंय ना, मग सांगू दे.

कानसकुमार, तुझं न्यूमॅटिक्सचं कुठल्या ढिगातलं?

कानसकुमार

परीक्षेचं. शेवटच्या दिवशी बोर्डवर सर्किट जोडायचं होतं आणि नंतर त्यात सरांनी मुद्दाम बिघाड केला होता, तो शोधायचा होता. कॅडचं बहुतेक सहभागाचं आहे. :(

आणि तुम्ही म्हटल्यावर आठवलं. जॉब संपल्यावर दहा मिनिटं तोंडी झाली. त्यात टूलरूमचं काहीच विचारलं नाही. एका मॅडमनी विचारलं, सिलिंडर बाहेर झपकन जातो पण आत येताना रडत रडत येतो, तर तू काय करशील? मी म्हटलं, आधी प्रेशर बघणार नाही, कारण बाहेर जाताना नीट जातोय म्हणजे हवा येतेय. आत येताना पलीकडची हवा ज्या वाटेनं बाहेर पडते ती वाट बघेन. तिथला फ्लो कंट्रोल जास्त आवळलाय का, नाहीतर व्हॉल्व्हच्या त्या बाजूचा सायलेन्सर तुंबलाय का. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, दोन्हीतलं कुठलं ते कसं ओळखशील? मी म्हटलं, सायलेन्सर काढून एकदा चालवेन.

ग्रीसवाली_ताई

थांबा थांबा. इतका वेळ सगळे त्याला टूलरूमला नापास म्हणून समजावताय. मला हे वेगळंच दिसतंय.

मी मेंटेनन्सला अकरा वर्षं आहे, ट्रेनी म्हणूनच लागले होते. कोर्समधून नुकतंच बाहेर पडलेलं पोरगं "आधी प्रेशर बघणार नाही" असं म्हणतं, ते मला फार क्वचित ऐकायला मिळतं. शंभरातली बहुतेक मुलं म्हणतात सिलिंडर बदलू. ५/२ व्हॉल्व्हला बाहेर जाणारी हवा दोन वेगळ्या तोंडांनी सुटते, म्हणून एकच तोंड तुंबलं तर एकाच बाजूची चाल मंदावते. हे पाठ करून येत नाही. बोर्डवर कुणीतरी बिघाड करून ठेवलाय आणि तुम्ही तो शोधलाय, तेव्हाच येतं.

त्यांना मेंटेनन्सला माणूस हवा होता आणि त्यांना तो सापडला. जॉबमधली ०.०८ ची पायरी हे त्याचं कारण असेलच असं नाही.

जुना_टूलरूमवाला

ताई, पसंती त्यानं टूलरूम लिहिली होती. सिमेट्री बसली असती तर त्याला तिकडेच घेतलं असतं. मी स्वतः अशा परीक्षा घेतल्यात. टूलरूमला जागा थोड्या असतात, पहिली चाळण तिथे लागते आणि उरलेले मेंटेनन्सला जातात.

ग्रीसवाली_ताई

"उरलेले." हा शब्द बघा तुमचा.

काका, तुमच्या कारखान्यात तसं असेल. आमच्याकडे पहिली चाळण आमची असते. मला परीक्षेला कानस दिलीच नव्हती. एक पंप आणि मोटार दिली, कपलिंग सुटं, आणि सांगितलं अलाइन कर. डायल बांधला, अर्धा फेरा फिरवला, ०.४० आला. मी म्हटलं चूक ०.४० ची आहे आणि ०.४० चे शिम घालायला लागले. सुपरवायझरनं हात धरला. अर्ध्या फेऱ्यात डायल दुप्पट दाखवतो, खरी सरक ०.२०. तुमच्या उलटं घालण्यासारखंच आहे ते, फक्त आमचा जॉब खिशात मावत नाही.

मला तेव्हा घेतलं, कारण मोटारीचे पाय सैल आहेत का ते मी डायल लावायच्या आधीच बघितलं होतं. हे नंतर दोन वर्षांनी कळलं.

जुना_टूलरूमवाला

उरलेले हा शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही.

दुपारची_शिफ्ट

काका मागे घेणार म्हणजे आज इतिहास घडला.

गाडी_सुटली

माझ्या भाच्याचं राहिलंच.

कपाटाची_किल्ली

@गाडी_सुटली, भाच्यालाच एक दिवस कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये उभं करा. संध्याकाळी त्याचं तोंड बघा. मग धागा काढा, तिथे सांगते.

हातोडी_मावशी

मी संस्थेत शिकवते, म्हणजे इथे शिव्या खाणाऱ्या पार्टीतली. कानसकुमारच्या सरांची बाजू थोडी मांडते.

आमच्याकडे बॅचला वीस मुलं आणि हाइट गेज दोन. सगळ्यांना बाहेरची रुंदी आधी ५०.०० च्या जवळ आणायला लावतो म्हणजे ३७.५० हा आकडा सगळ्यांना लागू पडतो आणि फळ्यावर एकदाच लिहिता येतो. तपासायलाही सोपं जातं. पण त्यामुळे ३७.५० हे "जिभेचं माप" म्हणून डोक्यात बसतं. ते आपल्या तुकड्याच्या निम्म्यावरून काढायचं असतं हे मागे पडतं. हे वाचून मला माझाच फळा आठवला. पुढच्या बॅचला मुद्दाम ४९.८ आणि ५०.१ चे तुकडे वाटणार आहे.

मित्राच्या ओरखड्यांबद्दल: कानशीच्या दातांत अडकलेल्या बुरामुळे येतात ते, खडू लावला आणि ब्रशनं कानस साफ केली तर जातात. फिनिशला मार्क कापले असतील. पण ओरखडा पुढच्या दहा मिनिटांत घालवता येतो, सरकलेली जीभ नाही. एकदा कमी झालेला माल परत चिकटत नाही.

कानसकुमार

मावशी, मित्राला फोन केला आत्ता. विचारलं, पहिला खांदा किती ठेवला होतास? म्हणाला, "आकडा नाही आठवत. बाहेरचं माप निम्मं केलं आणि साडेबारा मिळवले." मी विचारलं, त्या तीन रेघा तुला माहीत होत्या? म्हणाला, "नाही रे, मला ३७.५० पाठ नव्हतं."

पाना_हरवला

हा मुलगा मला फार आवडला.

लोखंडी_चणे

माझा मेट पण असाच होता.

ठिणगी

धाग्यात मेट पुन्हा आला. कुणीतरी मोजत राहा.

कानसकुमार

चार दिवसांनी अपडेट.

कागदपत्रं द्यायला गेलो होतो. सायलेन्सर विचारणाऱ्या मॅडम भेटल्या. धीर करून विचारलं की मेंटेनन्स का. त्या म्हणाल्या, "तुझ्या शीटवर दोन शेरे होते. मी माझा वाचला." दुसरा काय होता ते सांगितलं नाही. म्हणजे काका पण बरोबर असतील, ताई पण. टूलरूमला बदली मिळते का विचारलं, तर एवढंच म्हणाल्या की सहा महिन्यांनी सगळ्या ट्रेनींचा परत जॉब होतो, तोच किंवा तसाच.

म्हणून आमच्या जुन्या वर्कशॉपमध्ये सरांची परवानगी काढून काल परत तोच जॉब केला. या वेळी आधी बाहेरची कड मोजली, निम्मं केलं, साडेबारा मिळवले, खांदा त्या आकड्यावर आणला. उलटा घातला. एका टोकाला पायरी जवळजवळ नाहीच, ०.०२. आणि दुसऱ्या टोकाला ०.०७! तीच कानस, तोच मी. डोकं चालेना.

वर्कशॉपचा_राजा

आता तरी काटकोन बघ म्हणतो मी.

जुना_टूलरूमवाला

बाहेरची कड किती ठिकाणी मोजलीस?

कानसकुमार

एका. मधे.

जुना_टूलरूमवाला

आता दोन्ही टोकांना मोज. जिभेच्या टोकाकडे एकदा आणि बुडाकडे एकदा. मोजण्याआधी कडेची बर काढ.

कानसकुमार

काढली. जिभेच्या टोकाकडे ४९.९४, बुडाकडे ४९.८९. म्हणजे कडा समांतर नाहीत. मधे ४९.९१ धरून निम्मं केलं होतं. मग निम्मं कशाचं घ्यायचं? ४९.९४ चं का ४९.८९ चं? का सरासरीचं?

जुना_टूलरूमवाला

कशाचंच नाही. मार्किंग पुसून टाक, गुण्या घे, आणि आधी ती कड सरळ कर. जीभ उद्या.

ग्रीसवाली_ताई

आणि सोमवारी येताना सेफ्टी शूज आण. टूलरूमवाल्यांना खाली बघायची सवय नसते, आमच्याकडे तेल सांडलेलं असतं.